पगार २१ हजाराच्या वर गेला म्हणून बाबांचं ईएसआय बंद केलं, आता ऑपरेशन आहे

ऊनसावली | १४ ऑगस्ट २०२४, रात्री १०:४२

नमस्कार, इथे आधी फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहेत, वय ५७. तिथे अठरा वर्षं झाली आणि पहिल्यापासून ईएसआय कापलं जातंय. गेल्या वर्षीच्या जुलैपासून पगार २०,४०० होता, यावर्षी जुलैत वाढ लागून २१,९०० झाला. घरात सगळ्यांना आनंद झाला पण जुलैची स्लिप हातात आली तर त्यात ईएसआयचा रकाना रिकामा. बाबांनी ऑफिसात विचारलं तर म्हणाले लिमिट २१ हजार आहे, तुम्ही क्रॉस झालात, आता तुम्हाला लागू नाही, ऑक्टोबरपासून कंपनीचं मेडिक्लेम मिळेल.

बाबांना हर्निया आहे, बरेच दिवस अंगावर काढत होते. परवा १२ तारखेला दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लागेल आणि नंतर सहा आठवडे तरी वजन उचलायचं नाही. हॉस्पिटलला चिठ्ठी द्यायची वेळ आली तर काउंटरवर सांगितलं की कंपनीने `Out of Coverage` टाकलंय, कंपनीचं पत्र आणा, मग बघू. कंपनी पत्र देत नाही कारण त्यांच्या मते त्यांनी बरोबरच केलंय. बाहेर चौकशी केली तर साठ-सत्तर हजार सांगतायत, आणि सहा आठवडे बिनपगारी जातील ते वेगळेच, रजा फार शिल्लक नाहीत.

म्हणजे पगार दीड हजार वाढला आणि त्यापायी हे सगळं गेलं का? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

रविकिरण | १४ ऑगस्ट, रात्री ११:२०

ताई, लिमिट २१,००० हे खरं आहे, त्याच्या वर गेलं की ईएसआय नाही. आणि ते ग्रॉसवर बघतात, ओव्हरटाइम धरून. त्यामुळे तुमचे बाबा कदाचित आधीच बाहेर गेले असतील. आमच्याकडे दोघांचं असंच बंद झालं होतं. मेडिक्लेम लवकर चालू करून घ्या असं कंपनीला सांगा, तोच मार्ग आहे.

मंदाकिनी_ | १५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

अगं, अठरा वर्षं भरलेत ना, मग ते पैसे व्याजासकट काढता येतात. माझ्या भावाने यूएएन नंबर टाकून ऑनलाइन फॉर्म भरला आणि पंधरा दिवसांत खात्यात जमा झाले. ऑपरेशनचं कारण दिलं तर लवकर मिळतात.

ऊनसावली | १५ ऑगस्ट, सकाळी ७:३१

मंदाकिनीताई, तो पीएफ झाला, मी ईएसआयचं विचारतेय. त्यातले पैसे परत मिळत नाहीत ना? पीएफमधून आजारपणासाठी काढायचा विचार आहे पण ते शेवटचं.

रविकिरणदादा, ओव्हरटाइमचं खरं असेल तर अवघड आहे. मे महिन्यात बाबांचा २,१०० ओव्हरटाइम झाला होता, म्हणजे २२,५०० होतात. पण त्या स्लिपवर ईएसआयचे १६९ कापलेत.

जुनाकामगार | १५ ऑगस्ट, दुपारी १:१५

बेटा, झेंडावंदन करून आत्ता आलो आणि तुझा धागा वाचला. मी तीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली बरीच वर्षं युनियनच्या कामात आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयाच्या पायऱ्या चढण्यात गेली. घाबरू नको, बाबांचं कार्ड बंद झालेलं नाही. कंपनीने चूक केलीय.

आधी ओव्हरटाइमचं. मेमधले १६९ रुपये कापले ते बरोबर आहे, २२,५०० चे पाऊण टक्का म्हणजे १६८.७५, वरचा रुपया धरतात. ओव्हरटाइमवर वर्गणी कापतात, पण माणूस लिमिटमध्ये बसतो का हे ठरवताना तो मोजत नाहीत. म्हणून मेमध्ये हातात साडेबावीस आले तरी बाबा आतच होते, रविकिरण यांचं इथे थोडं चुकतंय. त्यांच्याकडच्या त्या दोघांचं नुसत्या ओव्हरटाइममुळे बंद केलं असेल तर तेही चुकीचंच होतं.

आता जुलैची वाढ. वर्गणीचे वर्षात दोन हंगाम असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. हंगाम सुरू झाला त्या दिवशी जो आत होता त्याचा पगार मध्येच २१ च्या वर गेला तरी तो हंगाम संपेपर्यंत आतच राहतो. बाबा १ एप्रिलला २०,४०० वर होते, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत आत. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तिन्ही महिन्यांत वर्गणी कापायचीच, आणि तीही २१,००० वर नाही, पूर्ण २१,९०० वर. बाबांचे १६५ आणि कंपनीचे सव्वातीन टक्क्यांनी ७१२. बाहेर काढायचंच तर १ ऑक्टोबरला.

पण तुझ्या कामाची खरी गोष्ट पुढेच आहे. आज ऑगस्टमध्ये जो फायदा मिळायचा तो जुलैच्या वर्गणीवर मिळतच नाही. मागच्या ऑक्टोबर ते मार्च जी वर्गणी भरली तिचा फायदा या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. वर्गणी आधी भरायची, फायदा तीन महिने सोडून पुढच्या सहा महिन्यांत. बाबांचे ऑक्टोबर ते मार्च सगळे दिवस भरलेत, लागतात फक्त ७८. त्यामुळे कंपनीने जुलैत काहीही टाकलं तरी डिसेंबरअखेरपर्यंत उपचार आणि आजारपणाचा भत्ता हा बाबांचा हक्कच आहे.

ऊनसावली | १५ ऑगस्ट, दुपारी १:४०

काका, वाचून हात थरथरतायत. म्हणजे ऑक्टोबरला बाहेर गेले तरी डिसेंबरपर्यंत?

जुनाकामगार | १५ ऑगस्ट, दुपारी २:०२

त्याच्याही पुढे. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी आहे ना, तिचा फायदा जानेवारी ते जून. म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ ला बाहेर पडले तरी ३० जून २०२५ पर्यंत. नऊ महिने. कंपन्या हे सांगत नाहीत आणि कामगार कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून देतो. मी असे कितीतरी बघितले, बायकोची प्रसूती बाहेर पैसे भरून केली आणि नंतर कळलं की कार्ड चालू होतं.

पगारपत्रक | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२८

मी एका कन्सल्टंटकडे पेरोल करतो, पंचवीसेक छोट्या कंपन्या आमच्याकडे आहेत. काकांनी सांगितलं ते बरोबर आहे. हे का होतं ते आतल्या बाजूने सांगतो. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये लिमिट २१,००० टाकलेलं असतं, कोणाचा ग्रॉस वर गेला की ईएसआय आपोआप शून्य होतं. महिन्याचं रिटर्न भरताना पोर्टल विचारतं की या माणसाचे दिवस शून्य का, कारण निवडा, तिथे नवीन पोरगा `Out of Coverage` निवडून मोकळा होतो. ते कारण एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्येच वापरायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मुद्दाम कोणी करत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही.

दुरुस्ती सोपी आहे. जुलैची सप्लिमेंटरी वर्गणी भरायची, दोन्ही मिळून ८७७ रुपये आणि वर थोडं व्याज. बाबांचे १६५ ऑगस्टच्या पगारातून कापून घेतील, म्हणजे ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे एकदम कापले जातील, एवढंच.

जुनाकामगार | १५ ऑगस्ट, रात्री ८:५०

पगारपत्रक साहेब, बाकी सगळं मान्य पण शेवटचं नाही. ज्या महिन्याची वर्गणी त्या महिन्याच्याच पगारातून कापता येते, कायद्यात तसं स्पष्ट आहे. जुलैचा पगार वाटून झाला, आता जुलैचे १६५ मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचे. रक्कम लहान आहे पण सहा-सहा महिन्यांची थकबाकी कामगारांच्या एका पगारातून ओढलेली मी पाहिलीय, म्हणून बोलतो.

पगारपत्रक | १५ ऑगस्ट, रात्री ९:१४

हे मला खरंच माहीत नव्हतं, आम्ही आजवर पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करत आलो. उद्या साहेबांना विचारतो.

कडूलिंब | १५ ऑगस्ट, रात्री १०:३३

सगळे नियम सांगतायत पण प्रत्यक्षात काय मिळतं ते पण बोला ना. माझ्या आईला घेऊन मी ईएसआयच्या दवाखान्यात किती चकरा मारल्या, शुगरच्या तीन गोळ्यांपैकी एक असायची आणि दोन बाहेरून घ्या म्हणायचे, सोनोग्राफीला महिन्यानंतरची तारीख. मी स्वतः पगार वाढवून लिमिटच्या बाहेर पडलो आणि मेडिक्लेम घेतला, कॅशलेस, आधी पैसे मोजायला लागत नाहीत. ऊनसावली, तुझ्या बाबांना कंपनी मेडिक्लेम देतेय तर तो घे आणि मोकळी हो.

ऊनसावली | १५ ऑगस्ट, रात्री ११:०१

कडूलिंबदादा, तुमचा राग समजतो, आम्हालाही औषधं बाहेरून आणावी लागलीयत. पण मेडिक्लेम ऑक्टोबरपासून आहे आणि बाबांना आत्ता त्रास होतोय. शिवाय मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देईल, सहा आठवडे पगार नाही त्याचं काय? आमच्या घरात एकच पगार येतो, माझं शिक्षण चालू आहे. तो भत्ता किती मिळतो हे कोणी सांगेल का?

जुनाकामगार | १६ ऑगस्ट, सकाळी ६:४८

सांगतो, पण आधी एक काम कर. बाबांच्या विमा नंबरने पोर्टलवर लॉगिन कर आणि वर्गणीचा तपशील उघड. ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ प्रत्येक महिन्यासमोर किती दिवस आणि किती पगार दाखवलाय ते इथे लिही. स्लिपवरचं नको, पोर्टलवरचं.

ऊनसावली | १६ ऑगस्ट, सकाळी ९:२०

काढलं. दिवस सगळ्या महिन्यांत पूर्ण दाखवलेत, ३१, ३०, ३१, ३१, २९, ३१. पगाराची बेरीज ओव्हरटाइम धरून १,२६,२७० येते.

जुनाकामगार | १६ ऑगस्ट, सकाळी ९:५५

शाब्बास. दिवसांची बेरीज १८३. १,२६,२७० भागिले १८३ म्हणजे रोजचे बरोबर ६९० रुपये. आजारपणाचा भत्ता त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे ४८३ रुपये रोज. यात रविवार, सुट्टी सगळं धरतात. पहिले दोन दिवस मात्र मिळत नाहीत. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, त्यातले दोन गेले, ४० दिवसांचे १९,३२० रुपये होतात. नवीन पगाराने तेवढ्या दिवसांचे तीस हजारांच्या वर झाले असते, तेव्हा भरपाई पूर्ण नाही हे लक्षात ठेवून घरखर्चाचं बघा. बाबांनी ओव्हरटाइम केला त्याचा उपयोग इथे झाला बघ, तो नसता तर रोजचे ४६८ आले असते.

आता या भत्त्यात लोक कुठे अडकतात ते सांगतो. पैसे सर्टिफिकेटवर मिळतात, ऑपरेशनच्या कागदावर नाही. दवाखान्याचा किंवा हॉस्पिटलचा डॉक्टर आजारपणाचं सर्टिफिकेट देतो, आजार लांबला की मधलं सर्टिफिकेट आणि शेवटी कामावर जायला फिट आहे असं फायनल. यात एका दिवसाचीही फट पडू द्यायची नाही. पहिलं सर्टिफिकेट रविवारी संपलं आणि पुढचं मंगळवारी घेतलं तर मधला दिवस बुडतो, आणि मग शाखा कार्यालय विचारतं की त्या दिवशी तू कामावर होतास का. दुसरं, त्या दिवसांची कंपनीची पगारी रजा घेऊ नका. एकाच दिवसाचा पगारही घ्यायचा आणि भत्ताही, असं चालत नाही. थोड्या पगारी रजा आहेत म्हणालीस, त्या वापरायच्या की भत्ता घ्यायचा हे घरात बसून ठरवा, रजा नंतर कामी येतील.

एका वर्षात एकूण ९१ दिवसांपर्यंत हा भत्ता मिळतो, हर्नियाला पुरेसा आहे. टीबी, कॅन्सर अशा लांबणाऱ्या आजारांना वेगळा, जास्त मुदतीचा आहे, त्यात आत्ता जात नाही.

देवा_सोलापूर | १६ ऑगस्ट, दुपारी ३:३७

काका, तुम्ही सत्तर टक्के म्हणालात, कामावर लागलं तर नव्वद असतात ना? माझं सांगतो. २०१९ मध्ये माझं उजव्या हाताचं पहिलं बोट प्रेसमध्ये गेलं, दोन पेरं. साहेबांनी लगेच गाडीत घालून खाजगी हॉस्पिटलला नेलं, बिल त्यांनीच भरलं, मला वाटलं चांगला माणूस आहे. मग म्हणाले अपघाताचा रिपोर्ट दिला तर इन्स्पेक्टर येतात, कारखाना बंद पडतो, तू घरी पडलास असं सांग, आजारपणाचे पैसे तुला ईएसआय देईल. मी तसं सांगितलं. तेव्हा रोज ५२० पगार होता, आजारपणाचे ३६४ मिळाले. नंतर गावातल्या एकाने सांगितलं की बोट गेलं तर जन्मभर पेन्शन असते. खरं आहे का?

जुनाकामगार | १६ ऑगस्ट, सायंकाळी ५:२०

देवा, खरं आहे आणि वाचून फार वाईट वाटलं. कामावर लागलं असं नोंदवलं असतं तर पहिल्या दिवसापासून नव्वद टक्के म्हणजे ४६८ रोज मिळाले असते, आणि त्याला किती दिवस वर्गणी भरली हे बघत नाहीत, कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी लागलं तरी मिळतं. बरा झाल्यावर मेडिकल बोर्डासमोर जायचं असतं. तर्जनीची दोन पेरं गेली तर परिशिष्टात ११ टक्के आहेत. ४६८ चे ११ टक्के म्हणजे रोज साधारण ५१ रुपये, महिन्याला दीड हजार, आणि तू नोकरी बदल, पगार वाढव, लिमिटच्या बाहेर जा, तरी जन्मभर चालू राहतात. हे तुझं बुडालं.

त्या खाजगी हॉस्पिटलचा पहिल्या दिवसाचा केसपेपर आहे का? त्यावर डॉक्टरने कसं लागलं ते लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा मशीनचा उल्लेख येतोच. तो असेल तर शाखा कार्यालयात स्वतः अर्ज दे, मालकानेच रिपोर्ट द्यायला पाहिजे असं नाही. त्यांनी नाकारलं तर ईएसआय कोर्ट आहे, पण तिथे तीन वर्षांची मुदत असते आणि ती तुझ्या बाबतीत कधीपासून धरायची यावर वकीलच नीट सांगेल.

देवा_सोलापूर | १६ ऑगस्ट, रात्री ९:०२

केसपेपर घरी पत्र्याच्या पेटीत असेल. बघतो. तेव्हा माझी सही एका कोऱ्या कागदावर घेतली होती, त्याची भीती वाटते.

तेजू९२ | १७ ऑगस्ट, सकाळी ११:१८

माझी पण मदत करा ना. मी एजन्सीमार्फत पॅकिंगला आहे, रोजंदारी, ऑक्टोबरमध्ये बाळंतपण आहे. शाखा कार्यालयात म्हणतात तुमचे ७० दिवस भरत नाहीत. पण मी नोव्हेंबरपासून काम करतेय. जानेवारीत एजन्सी बदलली, काम तेच, मशीन तेच, फक्त एजन्सी नवीन. कार्डही नवीन आलं, नंबर वेगळा आहे.

पगारपत्रक | १७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

तेजूताई, नंबर वेगळा आहे हेच कारण. विमा नंबर आयुष्यभर एकच असायला पाहिजे, नोकरी बदलली की जुनाच पुढे न्यायचा. नवीन एजन्सीने तुमचा जुना नंबर विचारला नाही, सरळ नवीन काढला. ऑक्टोबरमधल्या बाळंतपणाला गेल्या वर्षीचा एप्रिल ते सप्टेंबर आणि त्यापुढचा ऑक्टोबर ते मार्च, असे दोन हंगाम मिळून ७० दिवस बघतात. दोन्ही कार्डांवर मार्चपर्यंत किती दिवस आहेत ते बघा.

तेजू९२ | १७ ऑगस्ट, दुपारी १:०५

जुन्या नंबरवर ४४, नवीनवर ५०.

पगारपत्रक | १७ ऑगस्ट, दुपारी १:२२

म्हणजे ९४, भरतात. दोन्ही नंबर, आधार आणि दोन्ही एजन्सींच्या पगाराच्या स्लिपा घेऊन शाखा कार्यालयात दोन्ही नंबर एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. बाळंतपणाच्या आधी करा, नंतर धावपळ होत नाही. पहिली दोन मुलं नसतील तर २६ आठवडे पूर्ण पगाराने मिळतात, सत्तर टक्क्यांनी नाही.

तेजू९२ | १७ ऑगस्ट, दुपारी १:३०

पहिलंच आहे. जुन्या एजन्सीवाला स्लिप देत नाही पण मी सोमवारी जाते.

रविकिरण | १७ ऑगस्ट, रात्री ८:१५

काका, ओव्हरटाइमचं मी चुकीचं सांगितलं, माफ करा. आता एक विचारतो. आमच्या एचआरने दोघांना असं सुचवलं की बेसिक २०,९०० ठेवू आणि बाकीचं दुसऱ्या नावाने व्हाउचरवर देऊ, म्हणजे ईएसआय चालू राहील. घ्यावं का? २१,००० हे जानेवारी २०१७ पासून तेवढंच आहे, तेव्हा २१ हजारवाला सुपरवायझर होता, आता साधा ऑपरेटर आहे.

जुनाकामगार | १७ ऑगस्ट, रात्री ९:४०

व्हाउचरवर घेऊ नका. त्या पैशाला पीएफ नाही, ग्रॅच्युइटीत धरणार नाहीत आणि उद्या तपासणीत निघालं तर मालक म्हणेल कामगाराच्या सांगण्यावरून केलं. लिमिट वाढायला हवं हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. त्याआधी १५,००० होतं, ते मे २०१० पासून. म्हणजे मधे सहा-सात वर्षांत वाढलं, आणि आता त्याहून जास्त वर्षं झाली तरी हललेलं नाही. वाढवणार असं दर वर्षी ऐकू येतं.

कडूलिंब | १७ ऑगस्ट, रात्री १०:१०

काका, पण एक सांगा, लिमिट वाढलं तर माझ्यासारख्यांना परत सक्तीने आत घेतील. माझा मेडिक्लेम चालू आहे, मला त्या रांगेत परत जायचं नाही. आधी दवाखान्यात डॉक्टर आणि औषधं भरा, मग लिमिट वाढवा.

जुनाकामगार | १७ ऑगस्ट, रात्री १०:३२

तुमच्या आईचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही, रांगा मीही पाहिल्यात. माझं मत वेगळं आहे कारण देवासारखी माणसं मी पाहिली, त्यांना मेडिक्लेम बोटाची पेन्शन देत नाही. पण औषधं नसतात हे खरंच आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ऊनसावली | २३ ऑगस्ट, रात्री ९:५०

उशीर झाला, पण कळवायचंच होतं. सोमवारी बाबा आणि मी शाखा कार्यालयात गेलो. काकांनी सांगितल्याप्रमाणे पोर्टलवरचा वर्गणीचा तपशील आणि एप्रिल ते जुलैच्या चार स्लिपा नेल्या होत्या, वर एका पानाचा अर्ज, त्यात फक्त एवढंच लिहिलं की १ एप्रिलला पगार २०,४०० होता आणि मार्चपर्यंतची वर्गणी पूर्ण आहे. तिथल्या मॅडमनी पाच मिनिटं स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या कंपनीने चुकीचं कारण टाकलंय, आणि आमच्यासमोर कंपनीला फोन लावला. कंपनीने बुधवारी जुलैची वर्गणी भरली. बाबांकडून १६५ कापणार नाही असं तोंडी म्हणालेत. दवाखान्यातून हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली, ऑपरेशनची तारीख ३ सप्टेंबर. बाबा परत येताना गाडीवर गप्प होते, घरी आल्यावर आईला म्हणाले कार्ड चालू आहे, आणि ते पाकीट परत देवघराच्या कप्प्यात ठेवलं.

आता काका, एक शेवटचं. बाबा पुढच्या वर्षी अठ्ठावन्नला रिटायर होतील, तेव्हा ते लिमिटच्या बाहेर असतील. आमच्या शेजारचे आजोबा वर्षाला १२० रुपये भरून दोघांना उपचार घेतात. बाबांना ते मिळेल का?

जुनाकामगार | २४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

फार बरं वाटलं बेटा. बाबांना सांग, ऑपरेशननंतर फायनल सर्टिफिकेट मिळेपर्यंत कामावर पाऊल टाकायचं नाही, मित्र बोलावतील तरी.

१२० रुपयांचं. शेजारचे आजोबा रिटायर झाले तेव्हा आत होते म्हणून त्यांना सरळ मिळालं. लिमिटच्या बाहेर जाऊन रिटायर होणाऱ्याला पूर्वी मिळत नव्हतं, तीस वर्षं भरून शेवटचं वर्ष बाहेर राहिलेला माणूस कोरडा राहायचा. फेब्रुवारी २०२४ च्या बैठकीत महामंडळाने ठरवलं की रिटायर होण्याआधी निदान पाच वर्षं विम्यात असलेल्या आणि पगार ३०,००० पर्यंत असलेल्यांनाही ते द्यायचं. बाबा त्यात बसतात असं मला दिसतं. पण मी गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या सोबत्याला घेऊन गेलो तर खिडकीवर म्हणाले आमच्याकडे अजून त्याचा फॉर्म आलेला नाही. आम्ही अर्ज देऊन पोच घेऊन आलोय. उत्तर आलं की इथेच लिहीन.

देवा_सोलापूर | २५ ऑगस्ट, रात्री ८:४४

काका, केसपेपर सापडला. त्यावर लिहिलंय, हात पॉवर प्रेसमध्ये अडकला, वेळ सकाळी सव्वादहा. कंपनीच्या गाडीने आणले असंही आहे. सोमवारी अर्ज देतो. सोबत काय काय लावू?